वेल्डिंगचा धूर: एक्झॉस्ट फॅन पुरेसा आहे की हूड लावावे लागेल?

छोट्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात धुराची तक्रार होऊ लागली की मागच्या भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन बसवला जातो आणि प्रश्न मिटला असे मानले जाते. फॅन सुरू झाल्यावर छताखालचा निळसर थर खरोखरच विरळ होतो, शेजारच्या टेबलावर कटिंग करणाऱ्याचे डोळे चुरचुरेनासे होतात आणि मालकाचे समाधान होते. मात्र होल्डर हातात धरून टेबलावर वाकलेल्या वेल्डरच्या नाकात जाणाऱ्या धुरात त्यामुळे फारच थोडा फरक पडतो. असे का होते आणि त्यावर काय करावे लागते, हे एका गाळ्याचे उदाहरण घेऊन या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

धूर काढण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात धूर खोलीत पसरू दिला जातो आणि बाहेरची स्वच्छ हवा आत आणून तो पातळ केला जातो. याला सर्वसाधारण वायुवीजन किंवा डायल्युशन म्हणतात आणि भिंतीतला एक्झॉस्ट फॅन याच प्रकारात मोडतो. दुसऱ्यात धूर जिथे निघतो तिथेच, पसरण्याआधी, हूडने ओढून डक्टमधून बाहेर नेला जातो. याला लोकल एक्झॉस्ट म्हणतात. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम १४ मध्येही हानिकारक धूळ किंवा धूर काढायचा असेल तर ओढणारे साधन उगमाच्या शक्य तितके जवळ लावावे, अशीच अपेक्षा होती. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की साध्या पोलादाच्या वेल्डिंगसाठीसुद्धा बंदिस्त जागेत केवळ सर्वसाधारण वायुवीजनावर विसंबता येणार नाही. त्याआधी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले होते.

पहिली पायरी: धूर किती निघतो ते मोजून घ्या

आपला गाळा २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि १२ फूट उंच आहे असे धरू. त्यात सुमारे १०० घनमीटर हवा मावते. एक वेल्डर एमएसच्या ग्रिल आणि दरवाजे बनवतो आणि ३.१५ मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात दहा नंबर म्हणून मागितला जाणारा, ६०१३ वर्गाचा रॉड वापरतो. या वर्गाच्या रॉडमधून दर किलोमागे साधारण १० ते २० ग्रॅम धूर निघतो. त्या हिशेबाने एक रॉड जळताना सुमारे ०.४ ग्रॅम धूर होतो. मोजमाप, टॅक आणि स्लॅग झाडणे यांत जाणारा वेळ धरून तासाला २० रॉड संपत असतील तर गाळ्यात तासाला ८ ग्रॅम, म्हणजे ८,००० मिलिग्रॅम धूर तयार होतो. स्वतःच्या गाळ्यासाठी हा आकडा काढणे सोपे आहे: एका दिवसात रॉडचे किती पुडे फुटतात आणि प्रत्यक्ष वेल्डिंगचे तास किती होतात, एवढे दोन दिवस लिहून ठेवले तरी पुरते.

आता भिंतीत १२ इंची फॅन आहे आणि तो तासाला १,५०० घनमीटर हवा खरोखर बाहेर टाकतो असे समजू. म्हणजे गाळ्यातली सगळी हवा तासाला पंधरा वेळा बदलते, आणि हे ऐकायला भरपूर वाटते. पण ८,००० मिलिग्रॅम धूर १,५०० घनमीटर हवेत अगदी एकसारखा मिसळला तरी प्रत्येक घनमीटरमध्ये ५ मिलिग्रॅमहून थोडा अधिकच राहतो. कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत वेल्डिंगच्या धुरासाठी घातलेली मर्यादा ५ मिलिग्रॅम होती, म्हणजे ती जुनी मर्यादासुद्धा इथे कशीबशी ओलांडली जाते.

खरी अडचण मँगनीजमुळे येते. एमएसच्या रॉडमधून निघणाऱ्या धुरात मँगनीज असते आणि ते वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम करते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने २०१३ मध्ये फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या मँगनीजच्या कणांची शिफारस केलेली मर्यादा दर घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. धुरात मँगनीज ५ टक्के आहे असे धरले तर एकूण धूर ०.४ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा लागतो. केवळ फॅनच्या जोरावर हे साधायचे म्हटले तर तासाला २०,००० घनमीटर हवा लागेल. तेवढ्यासाठी तेरा-चौदा फॅन लावावे लागतील आणि गाळ्यातली हवा तासाला दोनशे वेळा बदलावी लागेल. हे अशक्य आहे आणि माझ्या मते डायल्युशनचा प्रश्न या एका हिशेबाने निकालात निघतो.

शिवाय या गणितात एक गृहीतक वेल्डरच्या विरुद्ध जाते. धूर खोलीभर एकसारखा मिसळतो असे आपण मानले, पण वेल्डर खोलीची सरासरी हवा घेत नाही. आर्कमधून निघालेला गरम धूर सरळ वर चढतो आणि हेल्मेट लावून वाकलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्या वाटेत असतो. भिंतीपाशी मोजलेला आकडा कितीही समाधानकारक असला तरी हेल्मेटच्या आतला आकडा त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून मोजमाप करून घ्यायचेच असेल तर नमुना वेल्डरच्या कॉलरपाशी आणि हेल्मेटच्या आतल्या बाजूने घ्यायला सांगावे.

दुसरी पायरी: हूड किती अंतरावर राहील ते ठरवा

नवीन माणूस बहुतेक वेळा आधी ब्लोअरची चौकशी करतो आणि किती एचपीचा घेऊ असे विचारतो. क्रम उलटा हवा. हूडचे तोंड आर्कपासून किती अंतरावर ठेवता येईल, हे आधी ठरते आणि ब्लोअर त्यावरून निघतो.

याचे कारण असे की फुंकलेली हवा लांबवर झोतासारखी जाते, पण ओढलेली हवा तोंडाकडे सगळ्या दिशांनी येते आणि तोंडापासून जरा दूर गेले की तिचा वेग झपाट्याने पडतो. हात तोंडासमोर एक फुटावर धरून फुंकर मारली तर ती हाताला जाणवते. त्याच अंतरावर श्वास आत ओढला तर हाताला काहीच जाणवत नाही. वेल्डिंगचा धूर पकडायला आर्कपाशी हवेचा वेग सेकंदाला सुमारे ०.५ मीटर असावा लागतो. त्यासाठी लागणारी हवा या सूत्राने काढतात:

```
Q = V × (10 × X² + A)
```

यात Q म्हणजे सेकंदाला लागणारी हवा घनमीटरमध्ये, V म्हणजे आर्कपाशी हवा असलेला वेग, X म्हणजे हूडच्या तोंडापासून आर्कपर्यंतचे अंतर मीटरमध्ये आणि A म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. हूडचे तोंड २५० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सुमारे ०.०५ चौरस मीटर घेऊ. अंतर २० सेंटीमीटर असेल तर कंसातली बेरीज ०.४५ येते, तिला ०.५ ने गुणले की सेकंदाला ०.२२५ घनमीटर, म्हणजे तासाला ८१० घनमीटर होतात; ब्लोअर विकणाऱ्याच्या भाषेत हे ४७७ सीएफएम झाले. अंतर ३० सेंटीमीटर झाले तर तासाला १,७१० घनमीटर लागतात आणि ४० सेंटीमीटरला २,९७०. अंतर दुप्पट झाले तर हवा जवळजवळ पावणेचारपट लागते. दहा सेंटीमीटर पुढे सरकवलेला हूड मोठ्या ब्लोअरचे काम करतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हूडच्या तोंडाभोवती पत्र्याची १० सेंटीमीटरची सपाट कड बसवली तर मागच्या बाजूची निरुपयोगी हवा ओढली जात नाही आणि तेच काम सुमारे तीन चतुर्थांश हवेत होते. मात्र या कारणाने ब्लोअर लहान घेऊ नये. ८१० घनमीटरचाच घ्यावा आणि कडेमुळे मिळालेले तीन-साडेतीन सेंटीमीटरचे जादा अंतर वेल्डरच्या हातच्या चुकीसाठी राखून ठेवावे.

तिसरी पायरी: हूड कुठे ठेवायचा

हूड टेबलाच्या डोक्यावर छत्रीसारखा टांगणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. धूर वर जातो हे खरे आहे, पण वर जाताना तो चेहऱ्यावरूनच जातो, आणि छत्री जितकी चांगली ओढेल तितका तो चेहऱ्यावरून नेमाने नेला जाईल. हूड टेबलाच्या पलीकडच्या किंवा बाजूच्या कडेला, आर्कपेक्षा किंचित वर आणि तोंड आर्ककडे करून असावा. धूर वेल्डरपासून दूर, आडवा जायला हवा. चढत्या धुराची दिशा हूडला मदतच करते, म्हणून अगदी टेबलाच्या पातळीत ठेवण्यापेक्षा थोडा तिरका वर ठेवलेला बरा.

हूड फार जवळ आणण्यालाही मर्यादा आहे. रॉडच्या वेल्डिंगला थोडी हवा सोसते, पण सीओटू किंवा आर्गनच्या वेल्डिंगमध्ये आर्कभोवतीचा गॅस उडून गेला की वेल्डमध्ये बारीक भोके पडतात. आर्कपाशी वेग अर्ध्या ते एक मीटरपर्यंत असेल तर साधारणपणे त्रास होत नाही; तो सेकंदाला दीड-दोन मीटरकडे जाऊ लागला की वेल्ड बिघडू लागतो. नवा हूड बसवल्यावर रद्दी पट्टीवर दोन-तीन वेल्ड मारून, तोडून आतून पाहावे. भोके दिसली तर ब्लोअर कमी करण्याआधी हूड पाच सेंटीमीटर मागे घ्यावा. वेल्डरने “गॅस उडतो” असे म्हटले तर ते उडवून लावू नये. त्याचे म्हणणे ऐकून न घेतल्यास तो हूड भिंतीकडे फिरवून ठेवतो आणि पुढे त्या हूडचा कुणाला उपयोग होत नाही.

चौथी पायरी: डक्ट आणि ब्लोअर

डक्टमध्ये हवा इतकी वेगात असावी की धुराची बारीक पूड आत बसू नये, आणि इतकीही वेगात नसावी की आवाज व वीज दोन्ही वाढतील. वेल्डिंगच्या धुरासाठी सेकंदाला १० ते १३ मीटर हा वेग ठीक असतो. आपल्या ०.२२५ घनमीटरसाठी १६० मिलिमीटर व्यासाचा डक्ट घेतला तर वेग सुमारे ११ मीटर येतो. हूड हलता राहावा म्हणून शेवटचे दोन-तीन मीटर लवचिक पाइप लागतो, पण त्याच्या वळ्यांमुळे हवेला होणारा अडथळा गुळगुळीत पत्र्याच्या डक्टच्या कित्येक पट असतो. म्हणून लवचिक भाग जेवढा गरजेचा आहे तेवढाच ठेवावा आणि तो ताणलेला असावा. गुंडाळी करून लोंबत ठेवलेला पाइप अर्धा ब्लोअर खाऊन टाकतो. पाइप ठिणगीने जळणार नाही अशा प्रतीचा असावा आणि हूडच्या तोंडाशी जाड जाळी लावावी.

हूड, तीन मीटर लवचिक पाइप, चार मीटर पत्र्याचा डक्ट, दोन वळणे आणि बाहेरचे तोंड एवढे सगळे ओढायला सुमारे ४० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो, ५० धरावा. भिंतीतला पात्यांचा फॅन इथे चालत नाही. त्याच्या पत्रकावर दिसणारी मोठी हवा पुढे कोणताही अडथळा नसतानाची असते आणि डक्टला जोडताच ती फार थोडी उरते. इथे सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच लागतो. ४८० सीएफएम आणि ५० मिलिमीटर दाब ही दोन्ही परिमाणे एकाच वेळी देणारा ब्लोअर मागावा. अर्ध्या एचपीच्या मोटरवर ते भागते. विक्रेता फक्त सीएफएम सांगत असेल तर ती हवा किती दाबाला मिळते ते विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास दुसरीकडे जावे.

धूर बाहेर कुठे सोडायचा हेही ठरवावे लागते. सलग गाळ्यांच्या वसाहतीत मागच्या गल्लीत सोडलेला धूर शेजारच्या खिडकीतून आत येतो, म्हणून डक्ट छपराच्या वर काढावा. तोंडावर पावसासाठी टोपी बसवली की धूर पुन्हा खाली ढकलला जातो. त्याऐवजी तोंड सरळ वर उघडे ठेवून खाली पाणी निघून जाण्याची सोय करावी. बाहेर काढणे शक्यच नसेल तर फिल्टरचे फिरते यंत्र मिळते, पण फिल्टरमुळे दाब दुपटीहून जास्त लागतो, फिल्टर वेळेवर बदलावा लागतो आणि ओझोन किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्यात अडकत नाहीत.

पाचवी पायरी: एक्झॉस्ट फॅन काढू नका, त्याचे काम बदला

चांगला ठेवलेला हूडही सगळा धूर पकडत नाही. ९० टक्के पकडला असे धरले तर तासाला ८०० मिलिग्रॅम धूर सुटतो. हूड आणि भिंतीतला फॅन मिळून तासाला २,३१० घनमीटर हवा बाहेर टाकतात, तेव्हा खोलीतली सरासरी घनमीटरला ०.३५ मिलिग्रॅमवर येते. वीस हजार घनमीटरने जे साधले असते ते इथे सव्वादोन हजारांत साधते. त्या उरलेल्या दहाव्या हिश्शासाठी आणि शेजारी काम करणाऱ्यांसाठी डायल्युशन हवे असते, आणि त्यासाठी ते योग्य आहे.

फॅनची जागा मात्र तपासावी. हवा शटरमधून आत येऊन वेल्डरच्या पाठीवर आदळत असेल तर त्याच्या अंगापुढे, छातीपासून चेहऱ्यापर्यंत, भोवरा तयार होतो आणि धूर त्यात अडकून तोंडापाशी घुटमळतो. हवा पाठीमागून आली की धूर पुढे जाईल असे वाटते, पण घडते ते उलट. टेबल असे फिरवावे की हवा वेल्डरच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जाईल. उन्हाळ्यात लावलेला उभा पंखाही याच कारणाने अडचणीचा ठरतो: त्याचा झोत हूडच्या ओढीपेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि धूर हूडच्या तोंडासमोरूनच उडवून नेतो. पंखा लावायचाच तर टेबलाकडे तोंड न करता लावावा.

बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यावी लागते हे पावसाळ्यात हमखास विसरले जाते. शटर खाली ओढले की गाळा चोखून घेतल्यासारखा होतो, हूडची हवा पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या हिशेबात शटर बंद असतानाही सुमारे सात चौरस फुटांची जाळीदार उघडी जागा खालच्या बाजूला लागते.

सहावी पायरी: तपासणी

ज्या दिवशी हूड बसेल त्याच दिवशी, वेल्डिंग बंद ठेवून, जळती उदबत्ती आर्कच्या जागी धरावी. तिचा धूर वळून हूडमध्ये सलग गेला पाहिजे. मग ती पाच-पाच सेंटीमीटर दूर नेत जावी आणि धूर जिथे डगमगू लागतो तिथे टेबलावर खडूने रेघ मारावी. ती रेघ वेल्डरला दाखवावी, कारण त्यापलीकडे हूड धूर पकडत नाही. वेल्ड लांब असेल तर तीस-चाळीस सेंटीमीटर पुढे गेल्यावर हूडही सरकवावा लागतो, आणि म्हणून तो एका हाताने हलणारा असावा. हूड हलवायला दोन्ही हात लागत असतील तर तो जागेवरच राहतो.

प्रत्यक्ष वेल्डिंग चालू असताना संध्याकाळी गाळ्यातले दिवे मालवून धुराच्या पलीकडून टॉर्च मारावी, पण ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर थेट पडू देऊ नये आणि आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. साध्या उजेडात न दिसणारा धूर त्यात स्पष्ट दिसतो आणि तो हेल्मेटखाली जातो की नाही ते कळते.

त्यानंतर साध्या पंख्याच्या ॲनिमोमीटरने हूडच्या तोंडावर पाच-सहा ठिकाणी वेग मोजून सरासरी वहीत लिहावी. आपल्या हूडला ती साडेचार मीटरच्या आसपास यायला हवी. महिन्यातून एकदा पुन्हा मोजावे आणि वेग पाचव्या हिश्शाने जरी कमी झाला तरी कारण शोधावे. बहुतेक वेळा पाइप चेपलेला असतो, जाळीवर काजळी बसलेली असते किंवा कुणीतरी डक्टला दुसरा हूड जोडलेला असतो. तीन फेजच्या मोटरवर आणखी एक फसवी गोष्ट घडते: वायर उलट जोडली गेली तर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरतो, पण हवा तरीही योग्य दिशेनेच, फक्त कितीतरी कमी, जाते. हात लावला तर ओढ जाणवते, म्हणून सगळे ठीक वाटते. मोटर दुरुस्त होऊन आली की ब्लोअरच्या अंगावरचा बाण आणि प्रत्यक्ष फिरण्याची दिशा जुळवून पाहावी.

हूड जिथे पुरत नाही

आठ फुटी गेटची जोडणी जमिनीवर करावी लागते किंवा साइटवर जाऊन बसवणी करावी लागते, तिथे हूड बरोबर नेता येत नाही. जेवढे सांधे टेबलावर मारता येतील तेवढे आधीच टेबलावर मारून घ्यावेत आणि उरलेल्यांसाठी आयएस ९४७३ चा शिक्का असलेला, किमान एफएफपी२ दर्जाचा मास्क हेल्मेटखाली घालावा. ओला रुमाल धुराचे कण अडवत नाही, कारण ते बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात.

जीआय पाइपवर काम असेल तर वेल्डच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन इंच जस्त आधी काढून टाकावे. ग्राइंडरने काढताना उडणारी धूळही नाकात जाते, म्हणून तेव्हाही मास्क असावा. हे न केल्यास जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी किंवा रात्री थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते आणि दीड-दोन दिवसांत उतरते, म्हणून तो हवापालटाचा ताप समजला जातो. अशा कामानंतर गूळ किंवा दूध देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. देणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात, त्यामुळे त्याने संरक्षण होत नाही. एसएसच्या वेल्डिंगमध्ये क्रोमियमचे घातक रूप धुरात असते, तेव्हा तिथे हूड आणि मास्क दोन्ही एकाच वेळी वापरावेत. टाकीच्या आत उतरून करायचे वेल्डिंग या लेखातल्या कोणत्याही व्यवस्थेवर करू नये. तिथे प्राणवायू कमी होण्याचा धोका असतो, त्याची परवानगी, मोजणी आणि बाहेर उभा राहणारा माणूस या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि हवा हवी म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन आत कधीही सोडू नये.